पीटी नॉर्मल, एपीटीटी ७१ सेकंद, भाच्याचं टॉन्सिलचं ऑपरेशन अडलंय. जाणकारांनी सांगा

कोपरीची_मीनल
नमस्कार मंडळी. ठाणे पूर्वेला राहते. बहिणीचा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे, वजन १६ किलो. टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढायचे ठरले होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट असा आलाय:

पीटी १२.८ सेकंद, कंट्रोल १२.५
एपीटीटी ७१ सेकंद, कंट्रोल २९
प्लेटलेट ३ लाख १० हजार, हिमोग्लोबिन ११.२

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन थांबवू, रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा." त्यांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर बहिणीला झोप नाही. एक नॉर्मल आणि एक दुपटीहून जास्त, असं कसं होतं? दोन्ही रक्त गोठायच्याच चाचण्या ना?

घोडबंदर_एक्सप्रेस
ताई, सोपं आहे. रक्त गोठण्याचे दोन रस्ते, इंट्रिन्सिक आणि एक्स्ट्रिन्सिक. पीटी एक्स्ट्रिन्सिक बघते, एपीटीटी इंट्रिन्सिक. मुलगा आहे, एपीटीटी लांबली, पीटी बरोबर, म्हणजे हिमोफिलिया ए. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी फॅक्टर ८ कमी. रक्तपेढीतून क्रायो, म्हणजे प्लाझ्मातून काढलेला घटक आणायचा, लावायचा आणि ऑपरेशन उरकायचं. मी औषध कंपनीत आहे, हे रोज ऐकतो.

पिपेट_काका
एक्सप्रेसराव, रस्ते बरोबर सांगितलेत, पण शेवटच्या स्टेशनवर फारच लवकर उतरलात. फॅक्टर ८ कमी असू शकतो. ९ असू शकतो. ११ किंवा १२ असू शकतो. कुठलाच फॅक्टर कमी नसून रक्तात एखादा अडथळा असू शकतो. किंवा मुलाला काहीच नसून सगळा घोळ नळीतला असू शकतो. यातल्या प्रत्येकाचं पुढे वेगळं होतं. क्रायो तर अजून लांब राहिलं.

मीनल, मी परळला रक्ताच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं, आता ठाण्यात निवृत्त. आकड्यांआधी मला चार गोष्टी सांग. रक्त घेतलं तेव्हा फिकट निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली होती का? सुईने घेतलं की हाताला आधी लावलेल्या सलाइनच्या नळीतून? गेल्या महिन्याभरात घसा, ताप, अँटिबायोटिक? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोराचं रक्त आजवर कधी थांबता थांबेना असं झालंय का, आणि तुमच्या आईकडच्या पुरुषांत कुणाला तसं होतं का?

नळीचं का विचारतो ते सांगतो. त्या नळीत सायट्रेट असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट, असं माप ठरलेलं. मूल रडतं, शीर सापडत नाही, नळी अर्धीच भरते आणि तशीच पाठवली जाते. मग सायट्रेट जास्त होतं, चाचणीत आम्ही घातलेलं कॅल्शियमही तेच खाऊन टाकतं, आणि आकडा खोटा लांबतो. सलाइनच्या नळीत रक्त गोठू न देणारं हेपरिन राहिलं असेल तर एपीटीटी तर फारच लांबते. तिसरी गोष्ट, घोडबंदरला घेतलेला नमुना तुर्भ्याच्या मोठ्या लॅबला जाईपर्यंत चार तास उलटले तर एपीटीटीवर भरवसा ठेवू नये. पीटीला एवढी घाई नसते.

वाशीचे_आजोबा
माझा आयएनआर २.८ आहे. माझी झडप बदलली आहे. मला पण हा हिमोफिलियाच का? नातू म्हणतो, पीटी वाढलेला आहे. पालक बंद करू का?

पिपेट_काका
आजोबा, नाही. तुम्ही वॉरफरिन घेत असणार. त्याने यकृतात बनणारे फॅक्टर २, ७, ९ आणि १० अर्धवट बनतात. त्यातला ७ सगळ्यात कमी टिकतो, सहाएक तास, म्हणून पीटी सर्वांत आधी हलते. तुमच्या बाबतीत पीटी मुद्दाम लांबवलेली आहे, झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून. झडपेवर अवलंबून २.८ हा अगदी हवा तसा आकडा असू शकतो. पालक एकदम बंद करू नका, एकदम वाढवूही नका, रोजच्यासारखं चालू द्या आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पण मीनल, आजोबांच्या प्रश्नातून तुलाही काहीतरी मिळालं बघ. व्हिटॅमिन के कमी असतं किंवा यकृत बिघडलेलं असतं तर ७ कमी होऊन पीटी आधी लांबली असती. पीटी १२.८ आहे, म्हणजे ती शंका जवळजवळ गेली. आणि १०, ५, २, फायब्रिनोजेन हे दोन्ही रस्त्यांना पुढे लागतात. ते नीट कमी असते तर दोन्ही चाचण्या लांबल्या असत्या. उरतात ते १२, ११, ९ आणि ८.

घशाचा_डॉक्टर
कान-नाक-घसा बघतो, ठाण्यातच. काकांनी रक्तातला अडथळा म्हणून सांगितलेली शक्यता मी पुढे आणतो. वरचेवर टॉन्सिल सुजणाऱ्या मुलांत ऑपरेशनच्या आधी एपीटीटी लांबलेली दिसणं नवं नाही. संसर्गानंतर शरीरात एक प्रतिपिंड तयार होतं, ल्युपस अँटिकोॲग्युलंट म्हणतात त्याला. ते चाचणीतल्या फॉस्फोलिपिडला चिकटतं आणि आकडा वाढवतं. नाव भयंकर, पण अशा मुलांमध्ये सहसा रक्तस्राव होत नाही, काही आठवड्यांत ते आपोआप जातं. म्हणून एपीटीटी दिसली की लगेच हिमोफिलियाचा धसका घेऊ नका. इतिहास साफ असेल तर मी निम्मा निश्चिंत असतो.

कोपरीची_मीनल
काका, डॉक्टर, धन्यवाद. बहिणीला विचारून लिहिते.

नळी भरली होती की नाही ते तिला आठवत नाही. रक्त कळव्याला एका कलेक्शन सेंटरमध्ये सुईने घेतलं, सलाइन नव्हतं. घसा तर दर महिन्याला असतो.

रक्ताचं: चालायला शिकताना पडला, ओठाच्या आतली कातडी फाटली. दोन दिवस थेंब थेंब येत होतं. थांबायचं, रात्री उशी लाल, पुन्हा सुरू. लसीनंतर मांडीत लिंबाएवढी गाठ आली होती, महिनाभर. डॉक्टर म्हणाले, होतं असं. गुडघे-नडग्यांवर निळे डाग असतात पण मस्तीखोर आहे, कुणी मनावर घेतलं नाही.

आणि आईकडचं. आमचे धाकटे मामा. ते लहानपणीच गेले, मी पाहिलेले नाहीत. आज्जी सांगायची, त्यांचे गुडघे सुजायचे, शाळेत पाठीवर घेऊन जावं लागायचं, सगळे संधिवात म्हणायचे. शेवटी डोक्याला मार लागला. हे आज आईला फोनवर विचारलं तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

घशाचा_डॉक्टर
हे वाचल्यावर माझं मत बदललं. या मुलाचा इतिहास साफ नाही. रक्ताच्या डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नका. तोवर पार्श्वभागात वा मांडीत इंजेक्शन नको, तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको.

पिपेट_काका
सहमत. आता ७१ या आकड्याला वजन आलं. गुडघे सुजणारा मामा, ओठातून दोन दिवस रक्त येणारं पोर, आणि मधे बायका तंदुरुस्त. ही ओळख ८ आणि ९ या दोघांचीच असते, दोन्ही एक्स गुणसूत्रावर.

पुढे काय होईल तेही सांगून ठेवतो, म्हणजे भेटीत शब्द ओळखीचे वाटतील. आधी नवा नमुना, नीट भरलेला. थ्रॉम्बिन टाइम करतील, ती नॉर्मल आली की हेपरिन नाही हे पक्कं. मग मिक्सिंग. पोराचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसांचा एकत्र केलेला प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळायचा आणि पुन्हा एपीटीटी करायची. गणित साधं आहे. पोराचा फॅक्टर शून्य धरला तरी मिश्रणात ५० टक्के येतो, आणि एपीटीटी नॉर्मल यायला तेवढा पुरतो. आकडा खाली आला तर काहीतरी कमी होतं ते भरून निघालं. खाली आला नाही तर कमतरता नाही, अडवणारं काहीतरी आहे, म्हणजे डॉक्टरांचं ते ल्युपस किंवा फॅक्टरविरुद्धचं प्रतिपिंड.

तेच मिश्रण ३७ अंशाला दोन तास ठेवून परत करायला विसरू नये. फॅक्टर ८ विरुद्धचं प्रतिपिंड हळू काम करतं. लगेच केलं तर आकडा छान खाली येतो आणि फसवतो, दोन तासांनी पुन्हा लांबतो.

स्नेहा_ऐरोली
काका, मी डीएमएलटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वेळ असेल तर एक विचारू? आम्हाला वर्गात कॅस्केड, म्हणजे एक फॅक्टर पुढच्याला चालू करतो तो चार्ट, पाठ करायला लावलंय, पण एक गोष्ट मला पटतच नाही. हिमोफिलियात एक्स्ट्रिन्सिक रस्ता अगदी शाबूत असतो, पीटी नॉर्मलच येते. फॅक्टर १० तर तिकडूनही चालू होतो. मग त्या माणसाला रक्तस्राव व्हायलाच का हवा? एक रस्ता बंद, दुसरा चालू, एवढंच तर आहे. सरांना विचारलं तर म्हणाले, परीक्षेत येत नाही.

पिपेट_काका
स्नेहा, हा प्रश्न मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी पडला होता आणि त्याचं उत्तर त्या चार्टमध्ये नाही, बाकावर आहे. तू पीटी हाताने केली आहेस का? ३७ अंशाच्या पाण्यात नळी, त्यात ०.१ मिली प्लाझ्मा, त्यावर ०.२ मिली थ्रॉम्बोप्लास्टिन, स्टॉपवॉच सुरू, नळी तिरकी करत राहायची आणि पहिला धागा दिसला की थांबवायचं. बारा-तेरा सेकंदांत होतं.

थ्रॉम्बोप्लास्टिनमध्ये काय आहे? टिश्यू फॅक्टर. किती? भरमसाट, शरीरात कुठल्याच जखमेत एकाच वेळी एवढा उघडा पडणार नाही इतका. एवढा टिश्यू फॅक्टर ७ ला घेऊन थेट १० ला इतक्या मोठ्या प्रमाणात चालू करतो की ८ आणि ९ ची वाट कोण बघतो? म्हणून हिमोफिलियाच्या रुग्णाची पीटी नॉर्मल येते. रस्ता शाबूत आहे म्हणून नव्हे, आपण नळीत पूर आणलाय म्हणून.

आता शरीरात बघ. गुडघ्याच्या आत एक बारीक केशवाहिनी फुटली. थोडासा टिश्यू फॅक्टर उघडा पडला. ७ सोबत त्याने थोडा १० चालू केला, पण लगेच रक्तातला एक पहारेकरी येतो, टिश्यू फॅक्टर पाथवे इन्हिबिटर. तो तयार झालेल्या १० ला आणि टिश्यू फॅक्टर व ७ च्या जोडीला धरून ही वाट बंद करतो. ती वाट मुळातच अल्पकाळाची. पण बंद होण्याआधी तिने दोन कामं केलेली असतात. एक, थोडं थ्रॉम्बिन बनवलं. दुसरं, आणि हे चार्टवर बहुतेक नसतंच, तिने फॅक्टर ९ लाही चालू केलं. हे १९७७ मध्ये ऑस्टेरुड आणि रॅपापोर्ट यांनी दाखवलं. तो चालू झालेला ९, त्याचा सोबती ८ बरोबर घेऊन प्लेटलेटच्या पृष्ठभागावर बसतो आणि तिथून १० चं खरं उत्पादन सुरू होतं. काडी टिश्यू फॅक्टरची, कोळसे ८ आणि ९ चे. हिमोफिलियात काडी पेटते, कोळसे नाहीत. म्हणून वरवरचं खरचटलेलं बऱ्याचदा थांबतं आणि सांध्यात, स्नायूत, टाके काढल्यावर, तासांनी पुन्हा सुरू होतं. मीनलच्या भाच्याची उशी रात्री लाल झाली ना, ती अशी.

स्नेहा_ऐरोली
अरे वा. म्हणजे दोन रस्ते असे वेगवेगळे शरीरात नाहीतच?

पिपेट_काका
प्रयोगशाळेने वेगळे केलेत. १९६४ मध्ये मॅकफार्लेन यांनी कॅस्केड मांडला आणि त्याच वर्षी डेव्ही आणि रॅटनॉफ यांनी त्यालाच धबधबा म्हटलं. एकेका फॅक्टरची कमतरता शोधायला तो चार्ट आजही उत्तम. रक्त कसं थांबतं ते समजायला तोच चार्ट दिशाभूल करतो.

एपीटीटीचंही तसंच. तिथे टिश्यू फॅक्टर मुळीच घालत नाही, नावातलं पार्शियल तेच. केओलिन किंवा सिलिका घालून १२ ला चालू करतो, तो ११ ला, ११ नऊला. केओलिनवालं रीएजंट तळाशी बसतं, हलवलं नाहीस तर आकडा भलताच येतो, लक्षात ठेव. ०.१ मिली प्लाझ्मा, ०.१ मिली रीएजंट, तीन मिनिटं उबवायचं, मग ०.१ मिली कॅल्शियम क्लोराइड आणि घड्याळ. ७१ सेकंद नळी तिरकी करत बसायचं म्हणजे किती, ते करून बघ.

आणि जो १२ या चाचणीची सुरुवात करतो, त्याला शरीरात रक्त थांबवायला काही काम नाही. जॉन हेगमन नावाच्या रुग्णाचं रक्त काचेच्या नळीत गोठतच नव्हतं, त्याच्याच नावाने फॅक्टर १२ ला हेगमन फॅक्टर म्हणतात, रॅटनॉफ आणि कोलोपी यांनी १९५५ मध्ये ते छापलं. त्याला रक्तस्रावाचा त्रास कधी नव्हता. तो १९६८ मध्ये फुप्फुसातल्या गुठळीने गेला. एपीटीटी १५० सेकंद आणि माणूस ठणठणीत, हे १२ मध्ये शक्य आहे. म्हणून आकडा किती मोठा, यावरून आजार किती मोठा ते ठरत नाही.

घोडबंदर_एक्सप्रेस
काका, मान्य. पण व्यवहारात मुलगा, मामा, सुजलेले गुडघे म्हणजे हिमोफिलिया ए च असणार ना? ए जास्त आढळतो, हे तर पक्कं. चाचण्यांवर पैसे कशाला?

पिपेट_काका
ए चार-पाचपट जास्त आढळतो, बरोबर. पण डॉक्टर एका मुलावर उपचार करतात, सरासरीवर नाही. रिपोर्ट येऊ दे.

कोपरीची_मीनल
भेट झाली. परळच्या केईएमच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्ताच्या आजारांच्या संस्थेत पुढच्या तपासण्या करून घेतल्या. आकडे टाकते, मला सगळं कळलेलं नाही.

नवी एपीटीटी ६९, थ्रॉम्बिन टाइम नॉर्मल.
मिक्सिंग लगेच ३२, दोन तासांनी ३३.
फॅक्टर ८: ११२ टक्के.
फॅक्टर ९: ३ टक्के.
व्हॉन विलेब्रँड नॉर्मल.

डॉक्टर म्हणाले हिमोफिलिया बी, मध्यम. बहीण रडली आणि मग म्हणाली, निदान नाव तरी मिळालं.

घोडबंदर_एक्सप्रेस
९! ताई, काळजी घ्या. आणि काका, क्रायोचं मी लिहिलं होतं ते चुकूनही कुणी वापरू नका.

पिपेट_काका
मीनल, रिपोर्ट अगदी स्वच्छ आहे. ७१ आणि पुन्हा ६९ म्हणजे नळीचा घोळ नव्हता. ३२ वर आली म्हणजे कमतरता. ३३ वर राहिली म्हणजे हळू काम करणारा अडथळाही नाही. ८ चांगला, ९ तीन टक्के. १ टक्क्याखाली तीव्र, १ ते ५ मध्यम, ५ ते ४० सौम्य, म्हणून मध्यम म्हणाले.

आता क्रायोचं, कारण गावाकडे एखाद्या लहान रुग्णालयात मध्यरात्री हाच प्रश्न येतो. क्रायोमध्ये ८, व्हॉन विलेब्रँड, फायब्रिनोजेन आणि १३ असतात. ९ नसतो. अंदाजाने ए धरून क्रायो लावलं असतं तर टॉन्सिलच्या जागी रक्त वाहत राहिलं असतं आणि सगळे म्हणाले असते, औषध तर दिलं. ताज्या गोठवलेल्या प्लाझ्मात ९ असतो, पण पुरेसा चढवायला इतका प्लाझ्मा लागतो की लहान मुलाला तो पेलत नाही. म्हणून फॅक्टर ९ चंच कॉन्सन्ट्रेट.

मात्राही वेगळी. ८ चं एक युनिट दर किलोमागे दिलं की पातळी दोनेक टक्क्यांनी वाढते, ९ चं दिलं की एकाच टक्क्याने. १६ किलोच्या मुलाला ७० टक्के वाढ हवी असेल तर ९ चे ११२० युनिट लागतात, ८ चे असते तर ५६० पुरले असते. हिशेब आधीच रुग्णालयाकडे लिहून ठेवा. उलट ९ जास्त टिकतो, साधारण अठरा ते चोवीस तास, ८ आठ ते बारा. हे डॉक्टरच ठरवतील, पण तुमच्याकडे आकडा असला की चुकीची कुपी येत नाही.

कळव्याचा_पाटील
माझा मुलगा बी चाच आहे, आता चौदाचा. शाळेच्या दप्तरात एक कार्ड असतं: हिमोफिलिया बी, फॅक्टर ९, वजन, डोस, डॉक्टरांचा फोन. कुपी फ्रीजमध्ये असते, घरातल्या तिघांना मिसळता येते. मीनलताई, बहिणीला एक सांगा, पहिले दहा-वीस डोस रुग्णालयातच घ्या. बी मध्ये ९ विरुद्ध प्रतिपिंड कमी जणांना होतं, पण ज्यांना होतं त्यांच्यातल्या काहींना डोसबरोबर जोराची ॲलर्जी येते. आम्हाला हे सांगितलं होतं म्हणून आम्ही सावध होतो.

घशाचा_डॉक्टर
हे पाटलांनी सांगितलेलं महत्त्वाचं आहे. माझा एक मुद्दा मात्र राहिला, त्यावर काकांशी भांडायचंय. या मुलाची एपीटीटी केली म्हणून सापडला. मग प्रत्येक मुलाची ऑपरेशनआधी का करू नये? आम्ही करतो.

पिपेट_काका
डॉक्टर, हा इतिहासानेच सापडला असता. ओठ दोन दिवस, लसीची गाठ, मामा. कुणी विचारलंच नाही. उलट चाचणीवर भिस्त ठेवली की सौम्यवाला निसटतो. फॅक्टर ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास असेल तर एपीटीटी बऱ्याचदा नॉर्मलच येते, रीएजंटनुसार. १३ ची कमतरता तर पीटी, एपीटीटी दोन्हींत अजिबात दिसत नाही. आणि ज्यांना काहीच नाही त्या शंभर मुलांतून तुमची ल्युपसवाली पोरं बाहेर काढायची, त्यांची ऑपरेशनं लांबवायची, आईबापांना घाबरवायचं.

घशाचा_डॉक्टर
इतिहास विचारायला वेळ असतो का, हे आमच्या ओपीडीत एकदा येऊन बघा. आणि आई मामाविषयी सांगतेच असं नाही, मीनलताईंनाही आत्ताच कळलं. मी चाचणी करतच राहणार, फक्त नॉर्मल रिपोर्टवर डोळे मिटणार नाही.

पिपेट_काका
तेवढं मला पुरतं.

कोपरीची_मीनल
आता माझं. मामांनाही हेच असेल, तर मला काय? मला दोन मुली आहेत. मी माझी एपीटीटी परवाच करून घेतली, ३१ आली. म्हणजे मी सुटले ना?

पिपेट_काका
नाही, मीनल, यावरून सुटली असं म्हणता येणार नाही. भाऊ आणि नातू दोघांनाही असेल तर तुझी आई वाहक असणारच आणि बहीणही. तुझी शक्यता निम्मी. वाहक बाईत एक गुणसूत्र चांगलं असतं, त्यामुळे ९ बहुधा ५० च्या आसपास असतो आणि एपीटीटी सरळ नॉर्मल येते. काही वाहकांत मात्र तो ३० वर उतरतो, त्यांना पाळीत किंवा बाळंतपणात जास्त रक्त जातं. तुझा ९ मोज. तो चांगला आला तरी वाहक नाहीस असं ठरत नाही. भाच्याच्या जनुकातला बदल एनआयआयएचमध्ये शोधला, की तोच तुझ्यात आहे का ते बघता येतं. मुलींचं त्यानंतर.

कळव्याचा_पाटील
काका, एक मलाही विचारायचंय. शेजारच्या ए वाल्या मुलाला त्वचेखाली टोचायचं एमिसिझुमॅब सुरू झालंय, आठवड्याला एकदा, तेही पोटावर. आमचं मात्र शिरेतून. आमच्या डॉक्टरांनी बी ला चालत नाही एवढंच सांगितलं. का नाही, ते कुणीच सांगत नाही.

पिपेट_काका
वरचे कोळसे आठवा. ते औषध ८ ची जागा घेतं, एका हाताने चालू झालेल्या ९ ला धरतं आणि दुसऱ्या हाताने १० ला. तुमच्या मुलाकडे धरायला ९ च नाही. पण मी तो पहारेकरी सांगितला ना, टिश्यू फॅक्टर पाथवे इन्हिबिटर, त्यालाच अडवणारी औषधं आली आहेत. मार्स्टासिमॅब अमेरिकेत २०२४ मध्ये ए आणि बी दोन्हींसाठी मंजूर झालं, बारा वर्षांवरच्यांना. तुमचा चौदाचा आहे. आपल्याकडे ते कधी आणि किती रुपयांत मिळेल, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

स्नेहा_ऐरोली
काका, अजून एक. एमिसिझुमॅबवाल्या मुलाची एपीटीटी आली तर? ती जवळजवळ नॉर्मल किंवा त्याहून कमी येते असं मॅडम म्हणाल्या. मग त्याचा फॅक्टर ८ मोजायचा तरी कसा? आमच्या लॅबला नेहमीची पद्धत आहे, क्लॉटवाली.

पिपेट_काका
क्लॉटवाली तिथे खोटा आकडा देते. बोवाइन म्हणजे गाईच्या फॅक्टरवर चालणारी, रंगावरून मोजणारी क्रोमोजेनिक पद्धत लागते, कारण ते औषध माणसाच्या ९ आणि १० ला ओळखतं, गाईच्या नाही. फॉर्मवर औषधाचं नाव लिहून पाठवा असं कलेक्शन सेंटरला सांगायला हवं, नाहीतर लॅबला कळणारच नाही. ते तुमच्याकडे होतं का?

स्नेहा_ऐरोली
फॉर्मवर "इतर औषधे" अशी एक ओळ आहे. ती सगळ्यांचीच रिकामी येते.